गायक व्हायचं नाही, पण संगीत सोडायचं नाही: कोकणातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात निकाल लागले की सावंतवाडीपासून दापोलीपर्यंतच्या गाण्याच्या क्लासांमध्ये एकच चर्चा असते. मुलगा किंवा मुलगी मध्यमा, विशारदपर्यंत आली, सुराला पक्की आहे, पण मैफलीचा गायक व्हायची इच्छा नाही. मग पुढे काय? इथे मुख्यतः तीन वाटांबद्दल लिहिलं आहे: शिकवणं, साउंडचं काम आणि संगीतोपचार. साउंडवर जरा जास्त लिहिलं आहे, कारण बाकीच्या दोन्हींबद्दल विचारायला गावात निदान गुरुजी आणि डॉक्टर असतात.

संगीत विशारद झालो. ही पदवी धरतात का?

विद्यापीठाची पदवी म्हणून नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. पुढे प्रवेशिका, मध्यमा आणि विशारद यांचे प्रत्येकी दोन टप्पे असतात, म्हणजे दर वर्षी एक परीक्षा दिली तर विशारद पूर्ण व्हायला सात वर्षं लागतात. त्यानंतर अलंकार. सात वर्षांच्या मेहनतीनंतर हातात आलेला कागद पदवीच असणार, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात तो तुमच्या सांगीतिक तयारीचा दाखला असतो. काही नोकऱ्यांच्या नियमांत त्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, काहींमध्ये नाही. म्हणून साधी बी.ए. किंवा बी.कॉम. चालू असेल तर "विशारद झालंच आहे" म्हणून ती सोडू नका. पुढच्या जवळजवळ प्रत्येक वाटेवर पदवी विचारतात.

शाळेत संगीत शिक्षक व्हायचं तर नेमकं काय लागतं?

शाळा कोणाची आहे, यावर ते ठरतं.

केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक वर्गांच्या संगीत शिक्षकासाठी बारावीला किमान ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता मागतात. शिवाय हिंदी आणि इंग्रजी माध्यमातून शिकवता आलं पाहिजे. इथे आपली मुलं अडखळतात ती रागात नाही, भाषेत. भूप उत्तम गातात, पण भूपात मध्यम आणि निषाद का नाहीत हे हिंदीत पाच मिनिटं समजावून सांगा म्हटलं की गप्प होतात. याची तयारी घरी करता येते.

नवोदय विद्यालयांच्या नियमांत संगीतातल्या पदवीला पर्याय म्हणून बारावी आणि गांधर्व मंडळाचं विशारद हे नाव घेऊन धरलेलं आहे. सिंधुदुर्गात सांगेलीला आणि रायगडात निजामपूरला नवोदय आहे, पण भरती देशभरातून होते आणि नेमणूक कुठेही मिळू शकते. घराजवळची शाळा डोळ्यांसमोर ठेवून अर्ज करू नका. अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करायचा त्याच वर्षीची जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

आपल्या जिल्हा परिषद शाळा आणि अनुदानित हायस्कुलांत संगीताचं स्वतंत्र पूर्णवेळ पद क्वचितच असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरहून अधिक मुलं असलेल्या शाळेसाठी कला, आरोग्य आणि कार्यशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. ते काम मिळालं तर जरूर करा, अनुभवाचा दाखला पुढे उपयोगी पडतो. पण मानधन तुटपुंजं असतं. त्याच्यावर घर चालवायचा हिशेब मांडू नका.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळा नियमांपेक्षा गरज बघतात. स्नेहसंमेलन बसवता येतं का, पेटी किंवा कीबोर्ड वाजवता येतो का, चाळीस मुलांचं समूहगीत सुरात उभं राहतं का, हे ते विचारतात.

कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर?

मग विशारदवर भागत नाही. संगीतात एम.ए. किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी हवी (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि त्यावर नेट किंवा राज्याची सेट परीक्षा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत कलावंतांसाठी आणखी एक दार आहे. नामवंत गुरूंकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा, पदवीधर आणि शास्त्र शिकवण्याची क्षमता असलेला कलाकारही सहायक प्राध्यापक होऊ शकतो. पण 'ए' श्रेणी मिळवायची म्हणजे सादरीकरणच करत राहायचं. ज्याला मंचावर बसायचं नाही, त्याने नेटचीच वाट धरावी.

शिकायला कुठे जायचं, याचं उत्तर दक्षिण कोकणात थोडं वेगळं आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी, पुण्याचं ललित कला केंद्र ही नावं सगळ्यांना माहीत असतात. पण बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ल्याच्या मुलाला पणजी जवळ पडते आणि तिथे आल्तिनोवर गोवा कॉलेज ऑफ म्युझिक आहे, जिथे संगीताची पदवी मिळते. दुसऱ्या राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठीच्या जागा आणि फी यांची चौकशी मात्र आधी करा.

घरी क्लास काढायला परवाना किंवा पात्रता लागते का?

क्लास काढायला कायद्याने संगीताचं प्रमाणपत्र लागत नाही. पालक विचारतात ते वेगळंच: "परीक्षेला बसवता ना?" दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीत अचानक गर्दी होते आणि दहावीचे फॉर्म भरले की निम्मी मुलं गायब होतात. क्लासचा हिशेब हे धरूनच मांडा. समजा २४ मुलं आणि महिन्याला ५०० रुपये, म्हणजे १२,००० झाले. पण गणपतीत दहा-बारा दिवस क्लास बंद, मे महिन्यात मुलं मामाकडे, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा. वर्षाला बारा नव्हे, साडेनऊ-दहा महिन्यांचे पैसे धरलेत तर फसणार नाही.

चांगलं गाता येतं, म्हणजे शिकवता येईलच ना?

नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते पट्टीवरून. पुरुष शिक्षक स्वतः काळी एकमध्ये गातो आणि मुलांनाही तिथेच गायला लावतो. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींचा आवाज साधारण काळी चार-पाचला मोकळा लागतो. काळी एकमध्ये त्यांचे मंद्रातले स्वर लागतच नाहीत. मग ती ओठातल्या ओठात पुटपुटतात आणि शिक्षकाला वाटतं, मुलं लाजतात. पेटीवर पट्टी चढवून तोच अलंकार गायला सांगा. आवाज खोलीभर आला, तर लाजण्याचा काही संबंध नव्हता.

दुसरी अडचण मुलग्यांचा आवाज फुटण्याची. साधारण बारा-चौदाच्या सुमारास कालपर्यंत तार षड्ज लावणारा मुलगा मध्यमावरच घसरतो, मधूनच आवाज दुभंगतो. त्या काळात जुन्या पट्टीचा हट्ट धरला की तो घसा आवळून गायला लागतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. पट्टी उतरवा, गाण्याचा वेळ कमी करा आणि ते वर्ष ताल, लेखन, राग ओळखणं यांत घालवा. परीक्षा सहा महिने पुढे गेली तर काही बिघडत नाही. पालकांना हे पटवणं शिकवण्याहून कठीण, पण तेही या कामात येतं.

साउंड इंजिनिअर म्हणजे मंडपवाल्याकडचा बॉक्स लावणारा माणूसच ना?

सुरुवात तिथूनच होते आणि त्यात कमीपणा काही नाही. वायरी गुंडाळणारा पोरगा, मग मंचावरचे माईक लावणारा, मग कलाकारांना त्यांचाच आवाज ऐकवणारे मॉनिटर सांभाळणारा, आणि शेवटी प्रेक्षकांमध्ये मिक्सरवर बसणारा, असा तो जिना आहे. याशिवाय ध्वनिमुद्रण, डबिंग, चित्रपटाचं ध्वनी-आरेखन ही स्टुडिओतली कामं आहेत, पण ती मुख्यतः मुंबईत. कोकणात राहून जे काम बारमाही मिळतं ते कार्यक्रमांचं: डबलबारी, दशावतार, नमन, नाट्यस्पर्धा, आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या आवारात होतो तसा एखादा संगीत महोत्सव.

त्याचं शिक्षण कुठे मिळतं?

सर्वात नावाजलेला अभ्यासक्रम पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेचा, ध्वनिमुद्रण आणि ध्वनी-आरेखनाचा, तीन वर्षांचा. त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र असावं अशी अट राहिली आहे. म्हणून दहावीनंतर शाखा निवडतानाच हा विचार करा. कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेतही असा अभ्यासक्रम आहे. मुंबई-पुण्यातल्या खासगी संस्था वर्षभराचे डिप्लोमा देतात, फी भरपूर घेतात. तिथे जाण्याआधी एकच गोष्ट विचारा: विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिक्सरवर आठवड्याला किती तास बसू देता? आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा वायरमनचा कोर्स केलेला मुलगा जिल्ह्यातल्या कामात डिप्लोमावाल्याच्या मागे पडत नाही, कारण इथे निम्मी दुखणी विजेची असतात.

मिक्सर चालवायला सरकारी परवाना लागत नाही. मंडपाची वीजजोडणी मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यायची.

माझं विज्ञान कच्चं आहे, फक्त गाणं येतं. हे काम जमेल का?

गाणं येणाऱ्याला या कामात एक मोठा फायदा आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. माईक शिट्टी मारतो, म्हणजे फीडबॅक येतो, तेव्हा बॉक्समधला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून फिरत राहतो. तो सगळ्या स्वरांवर सारखा येत नाही. त्या जागेला, त्या माईकला जो स्वर मानवतो, त्यावरच येतो. साधा ऑपरेटर शिट्टी आली की सगळाच आवाज खाली ओढतो आणि बुवा ऐकू येईनासे होतात. ज्याला स्वर कळतो तो नेमका तेवढाच स्वर काढून टाकतो.

कसा ते बघू. कार्यक्रमाआधी माईक उघडा ठेवून आवाज हळूहळू चढवा. शिट्टी जेमतेम सुरू होताच हात थांबवा, किंचित खाली आणा. आता तो स्वर गुणगुणत पेटीवर शोधा. समजा तो तार सप्तकातल्या पांढरी पाचवर मिळाला. मध्य सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झ, तार सप्तकातली तीच पट्टी दुप्पट म्हणजे ८८०. पांढरी पाच तिच्या दोन पट्ट्या खाली, मधली काळी धरून. एका पट्टीला साधारण सहा टक्के उतरत गेलं की ७८४ च्या आसपास येतो. ग्राफिक इक्वलायझर, म्हणजे प्रत्येक स्वरपट्ट्याचा आवाज वेगळा वर-खाली करणाऱ्या खिट्ट्यांची ओळ, त्यावर ८०० ची खिट्टी असते. ती तीन डेसिबल खाली घ्या, पुन्हा आवाज चढवून बघा, गरज वाटली तर आणखी तीन. शिट्टी पेटीच्या वरच्या टोकापेक्षाही चढी असेल तर तोच स्वर एक सप्तक खाली शोधा आणि आकडा दुप्पट करा.

असे दोन-तीन स्वर काढले की पुरे. सहा-सात खिट्ट्या खाली गेल्या आणि तरी शिट्टी थांबत नसेल, तर चूक इक्वलायझरवर दुरुस्त होणारी नाही. बॉक्स किंवा माईक चुकीच्या जागी आहे. तो हलवा.

डबलबारीचा साउंड लावायचा झाला तर प्रत्यक्षात काय करावं लागतं?

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. देवळाचा सभामंडप, वर कौलं किंवा पत्रा, खाली गुळगुळीत फरशी, समोर अंगणात माणसं. दोन्ही बाऱ्या मंडपात. प्रत्येक बारीत बुवा, त्यांची पेटी, पखवाज, झांज आणि पाठीमागे कोरस.

एका बारीला सहा माईक धरा: बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाच्या दोन्ही तोंडांना दोन, कोरसला दोन. झांजेला माईक द्यायचा नाही. ती प्रत्येक माईकमध्ये आपण होऊन घुसते, तिला वेगळा माईक दिलात तर बुवांचे शब्द झाकले जातात. झांजवाल्याला कोरसच्या माईकांपासून हातभर मागे बसवा. हे त्याला गोड बोलून सांगावं लागतं.

म्हणजे दोन्ही बाऱ्यांचे मिळून बारा माईक झाले. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी न येता मिळणारा आवाज सुमारे तीन डेसिबलने घटतो. एक बारी गात असताना दुसरीचे सहाही माईक उघडे ठेवणं म्हणजे हे तीन डेसिबल फुकट घालवणं. शिवाय समोरच्या बुवांची आपापसातली शेरेबाजी अंगणात ऐकू जाते ती वेगळीच. काही रसिकांना तेच हवं असतं, पण ते असो. दोन्ही बाऱ्यांचे दोन गट मिक्सरवर वेगळे बांधा आणि बारी बदलली की एका बोटाने एक बंद, दुसरा चालू. गजर संपताना पुढच्या बुवांचा माईक आधीच उघडलेला असला पाहिजे, नाहीतर पहिली ओळ गेली.

बुवा पेटी वाजवत गातात, त्यामुळे माईक स्टँडवर असतो आणि मान हलते. तोंड आणि माईक यांच्यातलं अंतर दहा सेंटिमीटरवरून वीसवर गेलं की आवाज सहा डेसिबल पडतो. ऑपरेटर घाबरून आवाज चढवतो, बुवा परत पुढे येतात आणि शिट्टी लागते. बुवांना आधीच सांगून माईक तोंडाजवळ पण किंचित बाजूला लावा, म्हणजे फुंकरही लागत नाही. बुवांचा मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकवर अवलंबून असतं. साधा कार्डिऑइड माईक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीसमोर. सुपरकार्डिऑइड मागूनही थोडं ऐकतो, त्याला मॉनिटर तिरका, मागच्या कोपऱ्याकडे हवा.

आता अंगण. मुख्य बॉक्स मंडपाच्या बाहेर, माईकांच्या पुढे आणि तोंड माणसांकडे. मंडपाच्या आत बॉक्स ठेवले की पत्रा आणि फरशी यांच्यामध्ये आवाज घुमतो आणि बोल कळत नाहीत. मागच्या लोकांसाठी २५ मीटरवर दुसरे बॉक्स लावले, तर त्यांना उशीर द्यावा लागतो. वायरीतून आवाज क्षणात पोचतो, हवेतून सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. २५ मीटरला ७२ मिलिसेकंद लागतात. उशीर न देता लावले तर मागच्या माणसाला आधी जवळचा आणि मग मंचाकडचा, असा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि पखवाजाची द्रुत लय चिखल होते. मिक्सरमधला डिले ७२ वर ठेवून त्यात आठ-दहा मिलिसेकंद वाढवा. मग आवाज बुवांकडूनच येतोय असं वाटतं. बरोबर बसलं की नाही हे तपासायला मागे जाऊन उभे राहा आणि मंचावर कोणाला तरी टाळी वाजवायला सांगा. एकच टाळी ऐकू आली पाहिजे.

रात्री दहानंतर कार्यक्रम चालू राहिला तर जबाबदारी कोणाची?

आयोजकांची, पण पोलीस आधी मिक्सरजवळ येतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तो दिवस तुमच्या जत्रेचा आहे का, हे आयोजकांकडून लेखी घ्या. सूट असली तरी रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती लागू नसते. दशावतार रात्रभर चालतो, तिथे हा प्रश्न दर वर्षी येतो. "चलता हा" या उत्तरावर स्वतःचं सामान जप्त करून घेऊ नका.

समुद्राजवळ सामानाला काय होतं?

मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत वायरींची टोकं हिरवी पडतात आणि कार्यक्रमात मधेच चरचर येते. वायर हलवल्यावर चरचर बदलली तर दोष टोकाचा. माईक न हलवताही बारीक कडकड येत राहिली आणि माईक कंडेन्सर असेल, तर आत दमट हवा शिरली आहे. सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात ठेवा, एक-दोन दिवसांत बहुतेक वेळा सुधारतो.

सतत "हूं" असा खालचा आवाज येत असेल तर तो विजेचा, ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या पटीतला. मिक्सर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणच्या प्लगवर असतील तर एकाच ठिकाणाहून वीज घ्या. काही जण अर्थिंगची पिन काढून टाकतात आणि आवाज थांबलाही, म्हणून खूश होतात. ओल्या अंगणात, धातूचा माईक ओठांना लावणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. कोणी तसं करायला सांगितलं तर काम सोडून घरी या.

मुलींना या कामात घेतात का?

घेतात, पण जिल्ह्यातल्या कामात अजून फार दिसत नाहीत. कारण कामापेक्षा वेळेचं असतं: कार्यक्रम पहाटे संपतो आणि परतीला टेंपोशिवाय काही नसतं. स्टुडिओ, डबिंग, आकाशवाणी यांचं काम दिवसाचंही असतं. रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र आहे, तिथल्या नैमित्तिक कामांच्या जाहिरातींवर नजर ठेवा.

संगीतोपचार म्हणजे कोणत्या रोगावर कोणता राग, ते शिकायचं का?

नाही. मधुमेहाला अमुक, रक्तदाबाला तमुक अशा याद्या फिरतात, त्यांच्यावर कोणाची गोळी बंद करू नका. आवडीचं संगीत ऐकून माणूस शांत होतो हे खरं आहे, पण तेवढ्यावर उपचार म्हणत नाहीत. प्रशिक्षित उपचारक आधी रुग्णाला काय जमत नाही ते मोजतो, मग संगीतातलं एखादं अंग त्यासाठी वापरतो आणि पुन्हा मोजतो.

पक्षाघातानंतरच्या चालण्याचं उदाहरण घ्या. रुग्ण फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली चालतो, मिनिटाला ६० पावलं, तीही असमान. मेट्रोनोम किंवा टाळीचा ठोका आधी त्याच्याच ६० वर लावतात. पावलं ठोक्यावर पडू लागली की ५ ते १० टक्के वाढवतात, म्हणजे ६३ ते ६६. ते स्थिरावलं की ठोका मधूनमधून बंद करतात आणि चाल टिकते का बघतात. इथे संगीतकाराची हौस नडते. मधुर धून, तिहाई, लय खेळवणं यातलं काही नको, ठोका स्पष्ट आणि एकसारखा हवा. पाऊल ठोक्याच्या मागे पडू लागलं, रुग्ण पायांकडे बघू लागला किंवा खांदे आखडले, तर लय जास्त झाली. लगेच उतरवायची. तोल फार जात असेल तर हा प्रयोग मुळात करायचाच नाही.

दुसरं उदाहरण वाचेचं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन बोलणं गेलेल्या काही रुग्णांना "पाणी दे" हे बोलता येत नाही, पण दोन स्वरांवर गाता येतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत यावरून एक पद्धत बसवली गेली. छोटं वाक्य उंच आणि खालच्या अशा दोन स्वरांत म्हणायचं, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने थाप द्यायची, आणि हळूहळू स्वर काढून घेत बोलण्यावर आणायचं. सगळ्यांना उपयोग होत नाही. ज्याला ऐकलेलं बऱ्यापैकी समजतं पण बोलता येत नाही, त्याला होण्याची शक्यता जास्त. आणि हे वाचा-उपचारतज्ज्ञाबरोबर करायचं, एकट्याने नाही.

त्याची पात्रता काय?

अमेरिकेत संगीतोपचारकाला मान्य अभ्यासक्रम, १,२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि मंडळाची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे असा देशव्यापी परवाना नाही. भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी करते. संगीतोपचारकाची वेगळी नोंदणी तिच्याकडे नाही. पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात वैद्यकीय महाविद्यालयाला जोडून संगीतोपचाराचं केंद्र आणि अभ्यासक्रम आहे. आठवड्याच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र दवाखान्यात कोणी विचारात घेत नाही.

म्हणून माझं मत असं: कोकणात राहून हे करायचं असेल तर आधी नोंदणी मिळणारी पात्रता घ्या. विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड., नाहीतर फिजिओथेरपी किंवा वाचा-उपचाराची पदवी. संगीतोपचाराचा डिप्लोमा त्याच्यावर चढवा. नोकरी पहिल्या कागदावर मिळते, आणि विशेष मुलांच्या शाळेत पेटी घेऊन बसायला मग कोणाची हरकत नसते.

पेटी दुरुस्तीचं काम शिकावं का? त्याला कोर्स असतो का?

कोर्सपेक्षा कारागिराकडे बसणं. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याच्या चामड्याला बुरशी येते, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांना आपली पेटी त्याच दिवशी हवी असते. पट्टी मोकळी करणं, भात्याची गळती बुजवणं ही कामं वर्षभरात हातात बसतात. सूर लावायला जास्त वेळ लागतो. पेटीत हवेने हलून स्वर देणारी पितळी जीभ म्हणजे सुरी. तिचं मोकळं टोक किंचित घासलं की स्वर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून पहिले काही महिने भंगारातल्या पेटीच्या सुऱ्यांवरच हात बसवायचा.